ओठ जुळले, अर्थ हलला

'मोगँबो' म्हटलं की आपल्याकडे 1987च्या 'मिस्टर इंडिया'तला अमरीश पुरी आठवतो. त्याच्या चौतीस वर्षं आधी, 1953 साली, हॉलिवूडनं याच नावाचा एक चित्रपट काढला होता. दिग्दर्शक जॉन फोर्ड. आफ्रिकेत शिकारी नेणारा व्हिक्टर म्हणजे क्लार्क गेबल. तिथे येऊन पडलेली आणि त्याच्यात गुंतलेली केली म्हणजे अ‍ॅव्हा गार्डनर. आणि गोरिलांचा अभ्यास करायला आलेल्या डोनाल्डची तरुण बायको लिंडा म्हणजे ग्रेस केली. लिंडाचं लग्न झालेलं आहे आणि ती व्हिक्टरच्या प्रेमात पडते. सगळा चित्रपट या एका अडचणीवर उभा आहे.

हा चित्रपट स्पेनला पोचला तेव्हा तिथे जनरल फ्रँकोची राजवट होती. परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवायचे, असा हुकूम तिथे 1941 साली निघाला होता, आणि त्यानंतरही बहुतेक चित्रपट डब होऊनच येत राहिले. डबिंगमुळे सेन्सॉरला एक फार सोयीचं हत्यार मिळालं. दृश्य कापलं की उडी दिसते, प्रेक्षक कुजबुजतात. वाक्य बदललं तर काहीच दिसत नाही. लग्न झालेल्या बाईनं परक्या पुरुषाच्या प्रेमात पडावं हे सेन्सॉरला चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी संवादांतलं नातंच बदललं. डोनाल्ड आणि लिंडा नवरा-बायको राहिले नाहीत, बहीण-भाऊ झाले. लिंडा आता अविवाहित होती, तिनं कुणावरही प्रेम केलं तरी पाप नव्हतं.

पण संवाद बदलले तरी पडद्यावरची माणसं बदलत नाहीत. ग्रेस केली आणि डोनाल्ड सिंडन यांनी अभिनय नवरा-बायकोचा केला होता. जवळ उभं राहण्याची तऱ्हा, हाताचा स्पर्श, आजारपणातली काळजी, एकमेकांकडे पाहणं, सगळं जोडप्याचं होतं. स्पॅनिश प्रेक्षकांनी हे पाहिलं आणि कानावर पडणारे 'भाऊ', 'बहीण' हे शब्द त्याला जोडले. सेन्सॉरनं व्यभिचार झाकायला जावं आणि पडद्यावर भावा-बहिणीचं विचित्र नातं उभं राहावं, असं झालं. डबिंगच्या इतिहासात ही गोष्ट आजही सांगितली जाते.

मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कुणी सांगत नाही. व्हिक्टर डोनाल्डला सगळं सांगून टाकायचं ठरवतो. पण डोनाल्ड त्याच्याशी इतक्या विश्वासानं बोलतो, बायकोवरचं आपलं प्रेम असं उघड करतो, की व्हिक्टरच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो माघार घेतो. मग लिंडानं आपल्याला सोडावं म्हणून तो मुद्दाम केलीशी लगट करतो. लिंडा चिडून त्याच्यावर गोळी झाडते. नवऱ्याला कळू नये म्हणून केली खोटं बोलते, की व्हिक्टर दारूच्या नशेत लिंडाच्या अंगाशी आला म्हणून तिनं गोळी झाडली. संसार वाचतो.

आता डोनाल्डच्या जागी भाऊ ठेवून पाहा. व्हिक्टर गप्प का बसतो? अविवाहित बहिणीला मागणी घालायला अडचण काय आहे? केली खोटं का बोलते, आणि कुणाला वाचवते? एका नात्याचा शब्द बदलला आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगाचं कारण नाहीसं झालं. प्रसंग आहेत तसे आहेत, माणसं तशीच वागतात, पण ती का वागतात याचं उत्तर चित्रपटात उरत नाही.

असा हेतुपुरस्सर बदल इतर देशांतही झाला. 'कॅसाब्लांका' 1952 साली पश्चिम जर्मनीत आला तेव्हा नाझींचे उल्लेख गाळून तो सुमारे पंचवीस मिनिटांनी तोकडा केला होता. छळछावणीतून निसटलेला व्हिक्टर लाझलो त्यात नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ व्हिक्टर लार्सन झाला होता. हिचकॉकच्या 'नटोरियस'मध्ये दारूच्या बाटल्यांत नाझी हस्तकांनी युरेनियमचं खनिज लपवलेलं असतं. जर्मन आवृत्तीत त्या बाटल्या अमली पदार्थांच्या झाल्या आणि चित्रपटाचं नावच 'पांढरं विष' अशा अर्थाचं ठेवलं गेलं. दोन्ही चित्रपटांचं पुढे नव्यानं, मुळाबरहुकूम डबिंग झालं.

हे बदल कुणीतरी ठरवून केले होते, म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. रोजच्या कामात अर्थ हलतो तो असा ठरवून नाही. तिथे सेन्सॉर नसतो, वाईट हेतू नसतो. असते ती ओठांची लांबी.

मुंबईत अंधेरी, वर्सोवा, गोरेगाव या पट्ट्यात डबिंगचे अनेक स्टुडिओ आहेत. हिंदीचं काम तिथे फार पूर्वीपासून चालतं, आणि गेल्या काही वर्षांत दाक्षिणात्य चित्रपट मराठीत आणण्याचं कामही वाढलं आहे. कामाची रीत साधारण अशी. निर्मात्याकडून चित्र येतं, मूळ संवादांची यादी येते आणि आवाजाचा एक वेगळा पट्टा येतो. त्यात फक्त संगीत आणि इतर ध्वनी असतात, संवाद नसतात. याला स्टुडिओत 'एम अँड ई' म्हणतात. संवादलेखक मूळ वाक्य ऐकत, ओठ पाहत नवं वाक्य लिहितो. मग कलाकार एकेकटे येतात. आई सोमवारी बोलते, मुलगा गुरुवारी. दोघं एकमेकांना भेटतही नाहीत. कलाकाराच्या कानात हेडफोनमधून मूळ आवाज येतो, समोर पडद्यावर चित्र आणि शेजारी स्वतःची वाक्यं असतात. मोठ्या चित्रपटांत तर चोरीच्या भीतीनं बाकीचं चित्र काळं करून फक्त बोलणाऱ्याचा चेहरा दाखवतात.

म्हणजे पाहा, लेखकानं संपूर्ण चित्रपट पाहिलेला असतो, पण तो लिहिताना एका वेळी एका वाक्याशी झुंजत असतो. दिग्दर्शकाचं लक्ष सिंककडे आणि आवाजाकडे असतं. पुढे तपासणारा मराठी वाक्यं ऐकतो, ती सरळ आणि सुबोध असली की पुढे जातो. मूळ वाक्य कानात आणि नवं वाक्य तोंडात, दोन्ही एकाच क्षणी असणारा माणूस एकच, तो कलाकार. म्हणून अर्थ हललेला सर्वात आधी त्याला जाणवतो, बहुधा असा की वाक्य बरोबर असूनही आवाज बसत नाही.

हे नेमकं कसं घडतं ते दाखवायला एक छोटी गोष्ट रचून सांगतो. चित्रपट काल्पनिक आहे, कलाकारही काल्पनिक आहे. तिला वसुधा म्हणू. अडचणी मात्र खऱ्या आहेत.

वसुधाकडे एका इंग्रजी चित्रपटातल्या आईची भूमिका आहे. वीस वर्षांपूर्वी ही बाई घर सोडून गेली. आता मोठा झालेला मुलगा स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून विचारतो, तू का गेलीस? मुलगा आपल्याला पाठमोरा दिसतो, आई समोरून. ती म्हणते, "ही नेव्हर आस्क्ड मी टू स्टे." नवऱ्यानं थांब म्हटलं नाही, एवढीच तक्रार. मुलगा विचारतो, "वुड यू हॅव?" म्हणजे, म्हटलं असतं तर थांबली असतीस? ती किंचित मान हलवते आणि म्हणते, "येस."

मूळ वाक्यात उच्चाराचे सात ठोके आहेत. लेखकाच्या मनात आधी जे मराठी वाक्य आलं असेल ते असं: "त्यानं मला थांबायला कधी सांगितलंच नाही." अर्थ चोख आहे. पण ठोके मोजले तर चौदा होतात, बरोबर दुप्पट. नटीचे ओठ मिटून जातील आणि आपली वसुधा बोलतच राहील. त्यातून दुसरी अडचण म्हणजे 'मी' हा शब्द. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, आणि जवळून घेतलेल्या दृश्यात ते स्पष्ट दिसतं. नटीचे ओठ पाचव्या ठोक्याला मिटतात, म्हणून मराठीतही त्याच सुमाराला असं एखादं अक्षर यायला हवं. साध्या प्रेक्षकाला हा नियम ठाऊक नसतो, पण तो मोडला की 'काहीतरी डब केल्यासारखं वाटतं' हे त्यालाही कळतं.

म्हणून लेखकानं वाक्य छाटलं: "त्यानं थांबूच दिलं नाही." आठ ठोके. 'थांबूच'मधला 'ब' चौथ्या ठोक्याला येतो, ओठांशी जवळजवळ जुळतो. वाक्य छान मराठी आहे, कुणीही बाई असंच बोलेल. कारागिरी म्हणून पाहिलं तर या वाक्यात नाव ठेवायला जागा नाही. फक्त ते वेगळी गोष्ट सांगतं. मूळ नवरा गप्प राहिला होता. या नवऱ्यानं तिला घरात राहू दिलं नाही. एकाचा दोष न बोलण्याचा, दुसऱ्याचा बळजबरीचा.

आणि बदल इथे थांबत नाही. पुढचं वाक्य आता जुळेना. "त्यानं थांबूच दिलं नाही" यावर "थांबली असतीस?" असं कोण विचारेल? म्हणून लेखकानं मुलाच्या तोंडी घातलं, "का असं?" मग त्यावर "हो" हे उत्तर चालेना, म्हणून आईचं 'येस' झालं 'हं'. एक ओळ जागेवरून सरकली की पुढच्या ओळी तिच्यामागे सरकवाव्या लागतात. 'मोगँबो'त हेच झालं होतं, मोठ्या मापानं. शेवटी कागदावर तीन वाक्यं अशी दिसतात:

"त्यानं थांबूच दिलं नाही."
"का असं?"
"हं."

कागद वाचणाऱ्याला यात काहीही खटकणार नाही. आईला बोलायचं नाही, ती विषय टाळते आहे, इतकंच वाटेल. भूतकाळात मारहाण वगैरे असावी असाही तर्क कुणी करेल.

वसुधा पहिलं वाक्य एका टेकमध्ये देते. 'हं' मात्र तिला जमत नाही. दिग्दर्शक म्हणतो, ताई, थोडं टाळल्यासारखं करा. ती टाळल्यासारखं करते, आणि ते चित्रावर ठेवलं की खोटं वाटतं. कारण पडद्यावरची बाई टाळत नाही. तिनं मुलाच्या डोळ्यांत पाहिलं आहे, तिची मान होकाराची हललेली आहे, आणि बोलण्याआधी तिनं जो श्वास घेतला आहे तो कबुली देणाऱ्या माणसाचा आहे. लेखक शब्द बदलू शकतो, श्वास आणि मान बदलू शकत नाही. कसलेले कलाकार अशा वेळी स्वतःच्या आवाजावर शंका घेण्याआधी शब्दावर शंका घेतात. वसुधा विचारते, मुलगा काय विचारतो ते मला इंग्रजीत ऐकवाल का? तिच्या पानांवर फक्त तिची वाक्यं आहेत. रेकॉर्डिस्ट बारा-पंधरा सेकंद मागे जाऊन दृश्य सलग लावतो. "वुड यू हॅव?" ऐकल्यावर तिला कोडं सुटतं. बाई 'हो' म्हणते आहे. तिला थांबायचं होतं.

एवढं वसुधाला कळतं. तिला जे कळू शकत नाही ते दिग्दर्शकाला आठवतं, कारण संपूर्ण चित्रपट त्यानं पाहिलेला आहे. शेवटाकडे मुलगा वडिलांना भेटायला जातो. जुजबी बोलणं होतं, म्हातारा जायला उठतो, आणि मुलगा एकच शब्द म्हणतो, "स्टे." बापाला जो शब्द वीस वर्षांपूर्वी म्हणता आला नाही तो मुलगा म्हणतो. स्वयंपाकघरातलं ते एक वाक्य या शब्दासाठी पेरलेलं आहे. मराठीत तिथे "थांब, बाबा" असं लिहून झालेलं आहे, पण "थांबूच दिलं नाही" ऐकलेल्या प्रेक्षकाला त्यात काही ऐकू येणार नाही. उलट, आईला हाकलणाऱ्या माणसाला मुलगा का थांबवतो आहे, असंच त्याला वाटेल.

मग उपाय काय? वसुधानं स्वतः वाक्य बदलून बोलायचं नाही, ही या धंद्यातली शिस्त आहे आणि ती योग्य आहे. मंजूर झालेली संहिता निर्मात्याची असते. प्रत्येक कलाकार आपल्या कानाला बरं वाटेल ते बोलू लागला तर एका पात्राचं म्हणणं दुसऱ्याला लागू होणार नाही. ती लिहिलेलं वाक्य आधी चांगल्या टेकमध्ये देते, मग पर्यायी टेक मागते. दिग्दर्शक लेखकाला फोन लावतो. लेखकाला चूक पटायला वेळ लागत नाही, वाक्य सुचायला लागतो.

पहिला प्रश्न 'तो' की 'ते'. मराठी आई मुलाशी त्याच्या वडिलांबद्दल बोलताना बहुधा 'ते' म्हणेल, किंवा 'तुझे बाबा'. इथे बाई इंग्रज आहे, वीस वर्षं वेगळी राहिली आहे, आणि बाकीच्या चित्रपटात तिच्या तोंडी 'तो'च आहे. 'तो' राहतो. मग वाक्य येतं: "तो कधी थांब म्हणालाच नाही." मोजून पाहा. 'तो' एक, 'कधी' दोन, 'थांब' एक, 'म्हणालाच' तीन, 'नाही' दोन. नऊ ठोके, मुळापेक्षा दोन जास्त. पण 'थांब म्हणा' म्हणताना ओठ नेमके चौथ्या-पाचव्या ठोक्याला मिटतात, जिथे नटीचा 'मी' आहे. आणि 'स्टे' तिनं ताणून म्हटलेला आहे, त्यात 'नाही' किंचित उरकून घेतलं की मावतं. राहिलेला फरक ध्वनिसंपादक काही फ्रेम मागेपुढे करून लपवतो. एका सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, दोन-तीन फ्रेमची सरकासरक सहसा नजरेत येत नाही. शिवाय 'थांब' हा शब्द आता आईच्या वाक्यात जसाच्या तसा आला आहे, म्हणजे मुलाच्या शेवटच्या 'थांब'ला मागे काहीतरी धरायला मिळालं.

मुलाचं "थांबली असतीस?" मूळ तीन ठोक्यांपेक्षा लांब आहे. पण इथे कॅमेरा मदत करतो. मुलगा पाठमोरा आहे, त्याचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे आई श्वास घेईपर्यंत तो कितीही लांब बोलला तरी चालतं. लेखकानं हे आधीच पाहिलं असतं तर ही ओळ बदलावीच लागली नसती. घाईत बहुतेक वेळा असंच होतं. ज्या ओळीवर ओठांचं बंधन आहे तिथे अर्थाचा बळी जातो, आणि जिथे बंधन नाही तिथली मोकळी जागा वापरायची राहून जाते.

वसुधाचं काम त्या दुपारी आटोपतं. "हो" तिला एकाच टेकमध्ये मिळतं. खरी अडचण मुलाच्या कलाकाराची. त्याचं रेकॉर्डिंग चार दिवसांपूर्वी संपलं आहे, त्याच्या आवाजात "का असं?" मंजूर होऊन पडलं आहे. दोन शब्दांसाठी त्याला परत बोलवायचं म्हणजे स्टुडिओची वेळ, त्याचा वेळ, त्याचं मानधन, आणि तोच माइक तितक्याच अंतरावर लावून तोच पोत मिळवण्याची खटपट. सगळीकडे हे होत नाही. वितरणाची तारीख उद्यावर आलेली असली तर दिग्दर्शक नाइलाजानं "का असं?" ठेवून देतो, आणि मग आईचं "हो" निरर्थक ठरू नये म्हणून तेही पुन्हा "हं" होतं. अशा किती ओळी आपण ऐकल्या असतील, याचा हिशेब लागणं शक्य नाही, कारण मूळ चित्रपट शेजारी लावून कुणी पाहत नाही.

आपल्या गोष्टीत मिक्सिंगला अजून आठवडा आहे. दिग्दर्शक बदललेल्या तीन ओळी टाइमकोडसह निर्मात्याकडे मंजुरीला पाठवतो, आणि मंजुरी आल्यावर मुलाच्या कलाकाराला अर्ध्या तासासाठी बोलावतो. त्या मुलाला आपण काय विचारतो आहोत हे कळावं म्हणून या वेळी हेडफोनमध्ये इंग्रजीऐवजी वसुधाचं मराठी वाक्य लावलं जातं.